धागा: पाणी गार होण्याचा वक्र बसवतोय, दुसऱ्याच फेरीत पाणी साडेतीन कोटी अंशांवर

वाडीतला_निखिल
नमस्कार मंडळी. मी बडोद्यात बी.एस्सी. करतोय. प्रकल्पासाठी घरीच प्रयोग केला. स्टीलच्या पेल्यात गरम पाणी ओतलं, पंखा बंद केला आणि दर दहा मिनिटांनी तापमान लिहिलं. खोली ३० अंश, पाणी सुरुवातीला ९०. म्हणजे सुरुवातीचं अंतर ६०. पुढची अंतरं अशी:

१० मिनिटांनी ४४.५
२० मिनिटांनी ३३
३० मिनिटांनी २४.५
४० मिनिटांनी १८

सूत्र `d = 60*exp(-k*t)`, शोधायचा आहे फक्त k. सरांनी सांगितलं की तयार फंक्शन वापरू नकोस, गाऊस-न्यूटन स्वतः लिही. लिहिलं:

```python
import numpy as np
t = np.array([10, 20, 30, 40.])
d = np.array([44.5, 33, 24.5, 18])
k = 0.2
for i in range(6):
    m = 60*np.exp(-k*t)
    r = d - m
    J = -t*m
    k = k + (J @ r)/(J @ J)
    print(i, k)
```

k ०.२ वरून निघतो आणि पहिल्याच फेरीत उणे ०.३३२ होतो. k उणा म्हणजे पाणी तापत चाललंय! त्या k ने ४० व्या मिनिटाचं अंतर काढलं तर साडेतीन कोटी अंश येतं. कोड तीनदा तपासला, अवकलनही हाताने करून पाहिलं. सरांना दाखवलं तर "सुरुवात वाईट आहे, डॅम्पिंग घाल" एवढंच म्हणाले आणि तासाला निघून गेले. नेमकं चुकतंय कुठे?

मीनल_रावपुरा
अरे, इतका खटाटोप कशाला? दोन्ही बाजूंचा लॉग घे. `ln(d/60) = -k*t`, सरळ रेषा झाली. पहिल्या नोंदीवरूनच k = ०.०२९९ मिळतोय, मी कॅल्क्युलेटरवर काढला. फेऱ्या नाहीत, सुरुवात नाही, डॅम्पिंग नाही. जिथे सरळ रेषा होते तिथे गाऊस-न्यूटन लावणं म्हणजे माशी मारायला तोफ.

सयाजीगंज_काका
पेल्यावर झाकण होतं का? ९० अंशांचं पाणी उघडं ठेवलंस तर सुरुवातीला वाफेनेच बरीच उष्णता जाते. मग एकच k सगळ्या वेळेला लागू कसा पडेल? आधी झाकण ठेव, गणित नंतर.

वाडीतला_निखिल
काका, झाकण होतं, थर्मामीटरपुरतं भोक पाडलं होतं. मीनलताई, लॉग घेऊन उत्तर येतं हे मला माहीत आहे. पण पुढच्या भागात खोलीचं तापमानही अज्ञात धरायचंय, तिथे लॉग कसा घेणार?

मकरपुरा_शिफ्ट
डॅम्पिंग म्हणजे हेलकावे मारणारी गोष्ट शांत करायची ना? आमच्याकडे पंपाखाली रबरी पॅड घालतात तसं. पण पाणी गार होताना हेलकावे कुठे आहेत? सरांनी बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या प्रकल्पाचं उत्तर तुला दिलं.

आबा_दांडियाबाजार
शिफ्टवाले, हेलकावे पाण्यात नाहीत, निखिलच्या k मध्ये आहेत. ०.२ वरून उणे ०.३३ वर उडी, हा हेलकावाच की. तुमची पॅडची कल्पना तशी फार लांबची नाही.

निखिल, कोड बरोबर आहे. चूक कोडमध्ये नाही, भरवशात आहे. गाऊस-न्यूटन काय करतं बघ. k = ०.२ ला उभं राहून ते प्रत्येक नोंदीसाठी सूत्राची स्पर्शरेषा काढतं आणि धरून चालतं की कितीही लांब गेलं तरी वक्र त्या सरळ रेषेवरच राहणार. मग त्या रेषांसाठी लघुतम वर्गांचं उत्तर काढतं. ते उत्तर अगदी अचूक असतं, पण रेषांसाठी. वक्रासाठी नाही.

आता तुझ्या आकड्यांवरच पाहू. k = ०.२ ला सूत्र म्हणतं, १० व्या मिनिटाला अंतर ८.१२. मोजलेलं ४४.५. तूट ३६.४. त्या जागी उतार ८१ आहे, म्हणजे k एक एककाने कमी झाला तर अंतर ८१ ने वाढेल, असं स्पर्शरेषा सांगते. ही नोंद म्हणते, k ०.४५ ने कमी कर. ठीक. २० व्या मिनिटाची तूट ३१.९, पण उतार फक्त २२, म्हणून ती म्हणते १.४५ ने कमी कर. ३० व्या मिनिटाची तूट २४.३५ आणि उतार साडेचारसुद्धा नाही, तिची मागणी जवळजवळ साडेपाच. चौथीचं तर विचारूच नकोस. खरं पाऊल किती हवं होतं? ०.१७! सगळ्या नोंदी जास्त मागतायत, कारण तू जिथे उभा आहेस तिथे वक्र जमिनीला टेकत आलाय, उतार मेलाय. तूट मोठी आणि उतार लहान, भागाकार मोठा. डावीकडे जाताना वक्र पुन्हा झपाट्याने चढतो, हे स्पर्शरेषेला दिसतच नाही.

या सगळ्या मागण्यांची उताराच्या वर्गाने वजन दिलेली सरासरी म्हणजे तुझं ते पाऊल, उणे ०.५३२. वजन पहिल्या नोंदीला सगळ्यात जास्त, म्हणून निदान एवढ्यावर निभावलं.

वाडीतला_निखिल
आबा, हे "प्रत्येक नोंद किती मागते" असं कुणी सांगितलंच नव्हतं. पण मग एक गंमत झालीय. मी फेऱ्या सहावरून तीस केल्या, तर k परत आला! उणे ०.३३२, मग ०.३०७, ०.२८२, ०.२५७… असा उण्याच्या बाजूने पायरी-पायरीने चढत शेवटी ०.०३० वर येऊन थांबला. मग डॅम्पिंग हवंच कशाला? जास्त फेऱ्या चालवू.

मीनल_रावपुरा
बघा! मी म्हटलं ना, आपोआप जमतं.

आबा_दांडियाबाजार
मीनलताई, तुम्ही असं म्हणाला नव्हता :)

निखिल, त्या पायऱ्या मोज. प्रत्येक ०.०२५ ची आहे. ०.०२५ म्हणजे १/४०. साडेतीन कोटी अंशांपुढे तुझी १८ ची नोंद म्हणजे शून्यच, त्यामुळे फक्त ४० व्या मिनिटाचा हिशेब उरतो: तूट `-m`, उतार `-40*m`, भागाकार १/४०. म्हणजे त्या पंधरा-एक फेऱ्या तुझ्या मोजमापांकडे बघतच नव्हत्या, फक्त कोटींचा डोंगर उतरत होत्या. एकच अज्ञात असल्यामुळे परतायला एकच वाट होती, म्हणून सुटलास. आता सुरुवात ०.२ ऐवजी १ घे. तयार फंक्शनला सुरुवात दिली नाही तर ते १ च धरतं, `curve_fit` चा तोच रिवाज आहे. चालव आणि सांग.

वाडीतला_निखिल
`RuntimeWarning: overflow encountered in exp`, आणि पुढे सगळे nan.

आबा_दांडियाबाजार
पहिलंच पाऊल उणे सोळाशेच्या घरात गेलं असणार. १० व्या मिनिटाला सूत्राचं अंतर ०.००२७, उतार ०.०२७, तूट ४४.५, करा भागाकार. मग exp च्या आत हजारांतले आकडे गेले. संगणकाची मर्यादा साधारण ७०९ ला संपते. तिथून परतीची वाट नाही.

आता डॅम्पिंग. सगळ्यात साधा प्रकार: पाऊल काढ, पण टाकण्याआधी वर्गांची बेरीज तपास. वाढली तर पाऊल निम्मं कर, पुन्हा तपास. तुझ्या ०.२ वरून मी कागदावर केलं:

k = ०.२ ला बेरीज ३२५७. पूर्ण पाऊल: कोटी-कोटींत, नामंजूर. निम्मं: k = उणे ०.०६६, बेरीज नऊ लाख, नामंजूर. चौथाई: k = ०.०६७, बेरीज ९५०. मंजूर. तिथून नवी स्पर्शरेषा. पूर्ण पाऊल नेतं ०.००९९ वर, बेरीज १२६९, पुन्हा नामंजूर. निम्मं नेतं ०.०३८४ वर, बेरीज ९६. तिथून पूर्ण पाऊल थेट ०.०२८९, बेरीज दोनच्या आत. पुढच्या फेरीत ०.०३०, झालं.

यात बघण्यासारखं हे की लगाम सुरुवातीलाच लागला. उत्तराजवळ आल्यावर पूर्ण पावलं आपोआप मंजूर होतात, कारण तिथे स्पर्शरेषा आणि वक्र एकमेकांना चिकटलेले असतात. उत्तराजवळची गाऊस-न्यूटनची चपळाई डॅम्पिंगने जात नाही.

प्राची_अलकापुरी
आबा, मी सांख्यिकीवाली आहे, एक शंका. आम्हाला लेव्हेनबर्ग-मार्क्वार्ट शिकवताना `J'J` च्या कर्णावर λ मिळवतात असं शिकवलं. तुमचं निम्मं करणं आणि ते एकच का? इथे तर `(J@J)*(1+lam)` ने भागलं की पाऊल फक्त लहान होतं. λ = ३ म्हणजे तुमचं चौथाई पाऊलच झालं.

आबा_दांडियाबाजार
एक अज्ञात असेल तर हो, एकच. फरक दिसतो दोन अज्ञातांत. प्राची, तुला वेळ असेल तर सुरुवातीचं ६० सुद्धा अज्ञात धर, A म्हण. सुरुवात A = ६०, k = ०.२ आणि पहिलं पाऊल काढून इथे टाक. पुढचं बोलणं सोपं होईल.

प्राची_अलकापुरी
काढलं. विश्वास बसेना म्हणून दोनदा काढलं.

साधं गाऊस-न्यूटन: A मध्ये उणे १४८०, k मध्ये उणे २.९१. म्हणजे नवा A = उणे १४२०. गरम पाणी खोलीपेक्षा १४२० अंशांनी गार! निम्मं-निम्मं केलं तरी दिशा तीच, A खालीच जातो.

मग मार्क्वार्टच्या पद्धतीने कर्णाचे आकडे (1+λ) पट केले. λ = १: A मध्ये अधिक ९०, k मध्ये उणे ०.१९४. चिन्हच उलटलं! वर्गांची बेरीज मात्र वाढली, म्हणून नामंजूर. λ = १०: A मध्ये अधिक २४.७, k मध्ये उणे ०.०४५, म्हणजे A = ८४.७, k = ०.१५५. बेरीज ३२५७ वरून साधारण २४४० वर आली, मंजूर.

आबा_दांडियाबाजार
शाब्बास. हेच दाखवायचं होतं. नुसतं निम्मं करणं म्हणजे त्याच रस्त्यावर कमी चालणं. λ ने रस्ताच वळतो.

का वळतो ते सांगतो. k = ०.२ जवळ चार नोंदींपैकी वाटेचा पत्ता खरं तर एकाच नोंदीला ठाऊक आहे, १० व्या मिनिटाच्या. बाकीच्या ठिकाणी सूत्र शून्याजवळ. मग "A वाढवला" आणि "k कमी केला" यांचा परिणाम जवळजवळ सारखाच दिसतो. J चे दोन स्तंभ एकमेकांची छाया. प्राची, तू काढलंस तर त्यांच्यातला सहसंबंध, चिन्ह सोडलं तर, ०.९९ च्या वर निघेल. दोघांत जो बारीकसा फरक उरतो, त्याच्याच जोरावर गाऊस-न्यूटन सगळी तूट भरून काढायला बघतं. म्हणून A ला हजारोंनी खाली ढकलायचं आणि k ने त्याची भरपाई करायची, असला व्यवहार त्याला परवडतो. कर्ण जड केला की तो व्यवहार महाग होतो. λ खूप मोठा केला तर दोन अज्ञातांमधली देवघेव जवळपास सुटते, प्रत्येक जण आपापल्या उताराकडे बघून थोडं-थोडं सरकतो. λ शून्याकडे नेला की पुन्हा शुद्ध गाऊस-न्यूटन.

नियम साधा: बेरीज उतरली तर पाऊल घे आणि λ दहाने भाग, चढली तर जागचा हलू नकोस, λ दहाने गुण.

```python
s = np.linalg.solve(H + lam*np.diag(np.diag(H)), J.T @ r)
if sse(p + s) < sse(p):
    p, lam = p + s, lam/10
else:
    lam = lam*10
```

`H` म्हणजे `J.T @ J`. `p` बदलला की `J` आणि `r` नव्याने काढायला विसरू नकोस. विद्यार्थी हमखास तिथेच फसतात. लेव्हेनबर्गने १९४४ साली कर्णावर λ मिळवायची कल्पना मांडली. मार्क्वार्ट ड्यूपाँट कंपनीत होता, त्याने १९६३ साली ती पुन्हा मांडली आणि गाजली. कर्णाच्याच पटीत λ लावायचं मार्क्वार्टचं. त्याने अंश आणि प्रति-मिनिट यांसारखी भिन्न मापं एकत्र नांदतात.

मीनल_रावपुरा
सगळं मान्य, पण लॉगने सुरुवात काढली असती तर यातलं काहीच घडलं नसतं. ०.०२९९ वरून निघाला असता आणि दोन फेऱ्यांत घरी.

आबा_दांडियाबाजार
हे मात्र शंभर टक्के बरोबर. सुरुवात काढायला लॉगसारखं दुसरं काही नाही. पण ते शेवटचं उत्तर मानायचं का, तिथे माझी हरकत आहे. समजा निखिलने दोन तास थांबून अंतर २ अंश लिहिलं. थर्मामीटरची चूक अर्धा अंश. म्हणजे खरं दीड ते अडीच. लॉगमध्ये ते ०.४१ ते ०.९२. पहिल्या नोंदीत तीच अर्ध्या अंशाची चूक लॉगमध्ये ०.०११. लॉग घेतल्यावर सगळ्यात गढूळ नोंद सगळ्यात मोठ्याने बोलते. वजनं लावून सुधारता येतं, पण मग पुन्हा वजनं काढायला k लागतो, आणि झाल्या फेऱ्या सुरू.

मीनल_रावपुरा
वजनं एकदाच लावायची, मोजलेल्या d वरूनच. k कशाला हवा? मी तरी असंच करत आलेय आणि चालतं.

आबा_दांडियाबाजार
चूक लहान असेल तर चालतं. शेवटच्या नोंदींत मोजलेला d च गढूळ असतो, तिथे अडतं. असो, यावर आपलं आधीही वाजलंय.

वाडीतला_निखिल
आबा, λ वालं चाललं! A = ६०, k = ०.२ वरूनही आलं आणि ६०, ०.०३ च्या आसपास थांबलं. पण एक नवीन घोळ. सर म्हणाले वेळ सेकंदात हवी. मी t ला ६० ने गुणलं आणि `curve_fit` लावून ताडून बघायला गेलो. सुरुवात दिली नाही. तर k बरोबर १ आला, आणि सोबत `OptimizeWarning: Covariance of the parameters could not be estimated`. त्याच्या आतसुद्धा हेच लेव्हेनबर्ग-मार्क्वार्ट आहे ना? मग डॅम्पिंग असून गप्प का बसलं?

आबा_दांडियाबाजार
कारण लगाम चालत्या घोड्याला असतो. k = १ आणि t = ६०० सेकंद: `exp(-600)`. ४४.५ मधून तेवढं वजा केलं की संगणकात ४४.५ च उरतं. k किंचित हलवला तरी तूट एका दशांशानेही बदलत नाही. उतार लहान नाही, शून्यच. कुठल्या दिशेला जायचं हेच कळत नाही, म्हणून ते जिथे होतं तिथेच "पोहोचलो" म्हणून थांबलं. डॅम्पिंग लांब उडी आवरतं, सपाट माळावर वाट दाखवत नाही. उत्तर सुरुवातीच्या आकड्याशी तंतोतंत जुळलं आणि तो इशारा आला, की समजायचं गाडी जागची हललीच नाही. `p0=[60, 0.0005]` दे.

सयाजीगंज_काका
सेकंदाचा हट्ट कशाला? पाणी मिनिटांत गार होतं, मिनिटांतच मोजा.

आबा_दांडियाबाजार
काकांचं ऐक. मापं अशी घ्यावीत की अज्ञात एकाच्या आसपास येतील. अर्ध्या कटकटी तिथेच मिटतात. आणि झाकणाचा मुद्दाही काकांनी उगाच काढलेला नाही. शेवटी उरलेल्या तुटी वेळेनुसार मांडून बघ. आधी सगळ्या अधिक, मग सगळ्या उण्या अशा रांगेत दिसल्या, तर सूत्रच अपुरं आहे आणि λ कितीही फिरवलास तरी ते सुधारणार नाही.

मकरपुरा_शिफ्ट
आता माझं ऐका, कारण हे वाचून मला माझा त्रास आठवला. आमच्याकडे गोळी पाण्यात विरघळण्याची चाचणी असते. आधी भराभर, मग सावकाश, म्हणून दोन घातांकांची बेरीज बसवतो: चार अज्ञात, `A1, k1, A2, k2`. सॉफ्टवेअर λ वालंच आहे. कधी k1 मोठा येतो कधी k2, सुरुवात बदलली की जोड्या अदलाबदल. ते एक वेळ समजलं. पण काही बॅचमध्ये k1 आणि k2 जवळजवळ सारखे येतात आणि A1 पाचशे, A2 उणे चारशे असं काहीतरी. वक्र मात्र नोंदींवरून सुरेख जातो. बेरीज उतरली, मंजूर झालं, पण हे आकडे अहवालात लिहायचे कसे?

प्राची_अलकापुरी
हे निखिलच्या A-k सारखंच दिसतंय, छायेचं प्रकरण. फरक एवढाच की तिथे सुरुवात वाईट होती म्हणून स्तंभ जुळले होते, इथे उत्तराजवळच जुळलेत. मग λ संपल्यावरही ते तसेच राहणार.

आबा_दांडियाबाजार
बरोबर धरलंस. λ वाट सुरक्षित करतो, मुक्कामाची जागा बदलत नाही. त्या बॅचमध्ये दोन वेग आहेतच का, हा प्रश्न आधी. एकच घातांक बसवून उरलेल्या तुटी बघितल्या का?

मकरपुरा_शिफ्ट
नाही. आमच्या ठरलेल्या पद्धतीत दोनच लिहिलेत, एक बसवला तर साहेब विचारतील कुणाला विचारून बदललं.

प्राची_अलकापुरी
बसवून बघायला परवानगी कशाला लागते? अहवालात नका घालू. मला वाटतं A ला उणं होऊ न देण्याची मर्यादा घातली तर निदान पाचशे-चारशे थांबेल.

आबा_दांडियाबाजार
मर्यादा घातलीस तर A2 शून्यावर जाऊन चिकटेल, आणि मग k2 ला काही अर्थच राहणार नाही. मी तरी मर्यादेने प्रश्न झाकणार नाही. पण तुझंही चुकीचं म्हणत नाही, नोंदी बघितल्याशिवाय बोलणं अवघड आहे. शिफ्टवाले, एका चांगल्या आणि एका बिघडलेल्या बॅचच्या वेळा आणि टक्के टाका. बॅचचं, औषधाचं नाव नको.

मकरपुरा_शिफ्ट
सोमवारी रात्रपाळी आहे, तेव्हा वहीतून उतरवून टाकतो. सहाच नोंदी असतात प्रत्येक बॅचच्या, एवढ्यात भागेल का?

आबा_दांडियाबाजार
सहा नोंदी आणि चार अज्ञात? टाका, बघू या.